मांजर गाल घासतं तेव्हा: खुणा ओळखा, जपा आणि घर बदलताना कामात घ्या

घरात पहिल्यांदाच मांजर आलं की एक प्रश्न हमखास येतो: हे सारखं दिवाणाच्या पायाला, दाराच्या चौकटीला नि आपल्या पोटऱ्यांना डोकं का घासतं? आमच्याकडे खानदेशात म्हाताऱ्या माणसांचं उत्तर ठरलेलं असतं. "भूक लागनी व्हई तिले, दूध टाक." भुकेचा भाग त्यात असतो, पण थोडाच. पोट भरलेलं मांजरही घासतं, आणि कधीच जेवायला देत नाही अशा कुलरलाही घासतं. मांजर आपल्या गालांतून वास लावत असतं. हा वास आपल्या नाकाला येत नाही, पण मांजराचं घर त्यावरच उभं असतं. ज्याला हे कळलं त्याला मांजराचं घाबरणं, लपून बसणं, भिंतीवर मुतणं यातलं बरंचसं आधीच टाळता येतं. म्हणून हे समजून घेण्याचा क्रम इथे सांगतो, आणि शेवटी घर बदलताना त्याचा उपयोग कसा करायचा तेही.

आधी नुसतं बघा

पहिले काही दिवस काहीच करायचं नाही. सकाळी मांजर झोपून उठलं की त्याच्यावर लक्ष ठेवा. ते एखाद्या कोपऱ्याजवळ जाईल, आधी हुंगेल. मग ओठाचा कोपरा त्यावर टेकवेल, इतका की एका बाजूचा दात क्षणभर दिसतो. तिथून गाल पुढे सरकतो, मग डोळा नि कान यांच्या मधली जागा, मग अख्खी कूस, आणि शेवटी शेपटीचं मूळ. सगळं दोन-तीन सेकंदांत.

यातल्या बहुतेक जागी कातडीखाली वासाच्या ग्रंथी असतात. हनुवटीखाली, ओठांच्या कडेला, गालावर, आणि डोळा-कान यांच्या मधल्या त्या विरळ केसांच्या पट्ट्यात. शेपटीच्या मुळाशी आणि पंजाच्या बोटांमध्येही असतात, म्हणून गोणपाट ओरबाडतानाही मांजर वास सोडतंच. वस्तू बुटकी असेल तर हनुवटी घासली जाते, बरोबरीची असेल तर गाल, वर असेल तर कपाळ.

आता तुमच्या घरात या जागा कुठे आहेत ते शोधा. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, भिंतीच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यांवर, स्वयंपाकघराच्या चौकटीवर, गॅसच्या सिलिंडरवर. जुनं मांजर असलेल्या घरात पांढऱ्या चुन्यावर तिथे तपकिरी, तेलकट डाग दिसतो. बोट फिरवलं तर किंचित चिकट लागतो. हा डाग मातीचा नाही, वर्षानुवर्षं लावलेल्या गालाचा आहे. डाग बहुधा येण्याजाण्याच्या वाटेवर सापडतात, कारण मांजर रोजच्या वाटेवरच्या खुणा पुन्हा पुन्हा ताज्या करतं.

नवी वस्तू घरात आली की हे फार स्पष्ट बघायला मिळतं. मार्चमध्ये माळ्यावरचा कुलर खाली उतरवतो, तेव्हा त्याला वर्षभराची धूळ नि जुन्या वाळ्याचा वास असतो. मांजर त्याभोवती मान लांब करून फिरतं, हुंगतं, मागे सरतं. संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या एका कोपऱ्यावर ओठाचा कोपरा टेकलेला दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी ते कुलरसमोर पाय ताणून झोपलेलं असतं. हुंगणं, गाल लावणं, मग निर्धास्त होणं हा क्रम लक्षात ठेवा. पुढे तोच कामाला येणार आहे.

वस्तूला घासणं वेगळं, पायाला घासणं वेगळं

फ्रान्समधले पशुवैद्य पात्रिक पाजा यांनी १९९०च्या दशकात मांजराच्या गालावरच्या स्रावाचा अभ्यास केला. त्यात त्यांना पाच वेगवेगळी मिश्रणं सापडली. त्यातलं तिसरं मिश्रण मांजर राहत्या जागेतल्या वस्तूंना लावतं. चौथं मिश्रण ओळखीच्या जिवांना लावलं जातं, म्हणजे सोबतच्या मांजरांना आणि माणसांना. दुसऱ्याचा संबंध बोक्यांच्या माजाशी आहे. तिसऱ्या मिश्रणाची कृत्रिम नक्कल आता बाजारात मिळते, भिंतीच्या प्लगमध्ये लावायची. काही मांजरांना तिचा उपयोग होतो, सगळ्यांना होतोच असं नाही. मांजराचा स्वतःचा गाल फुकट असताना मी आधी तोच वापरायला सांगतो.

पायाला घासणारं मांजर बघा. ते लांबूनच शेपटी काठीसारखी उभी करून येतं, टोक बऱ्याचदा पुढे वाकलेलं असतं. उभी शेपटी म्हणजे भांडण नको, जवळ येतो आहे. मग कपाळ, कूस, आणि जाताजाता शेपटीचा वेढा तुमच्या पोटरीला. शेतावर एकत्र वाढलेली मांजरं बाहेरून फिरून आली की एकमेकांना हेच करतात. बहुधा लहान मांजर मोठ्याकडे जाऊन घासतं. अशा घासण्यातून त्या घोळक्याचा एक सामाईक वास तयार होतो, आणि ज्याच्या अंगाला तो वास येतो तो आपल्यातला. तुम्ही दिवसभर बाजार समितीत, बसमध्ये, शाळेत फिरून येता तेव्हा तुमच्या कपड्यांवर पन्नास परके वास असतात. मांजर पायाशी येऊन तुम्हाला पुन्हा घरात घेतं. काही मांजरं पुढचे दोन पाय जमिनीवरून उचलून घासतात, ती खरं तर तुमच्या तोंडापर्यंत पोचायला बघत असतात. त्यांच्यात भेट तोंडाला तोंड लावूनच होते.

भुकेचा भाग इथे येतो. घासलं की माणूस उठून काहीतरी देतो, हे मांजर लवकर शिकतं, आणि मग जेवणाच्या वेळी जास्त घासतं. प्रत्येक घासण्याला दुधाची वाटी दिली तर तुम्हीच तशी सवय लावता. वर मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

आता एक जुना प्रयोग सांगतो, कारण त्यातून मांजर लांबून खुर्चीला का घासतं हे कळतं. एडविन गथ्री आणि जॉर्ज हॉर्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये आपले प्रयोग छापले. मांजराला काचेच्या पेटीत ठेवायचं, आत एक उभी दांडी, दांडी हलली की दार उघडणार. मांजरं दांडीला अंग घासायची, आणि प्रत्येक वेळी जवळपास एकसारख्याच पद्धतीनं. त्या दोघांना वाटलं की हे मांजराचं पाठ झालेलं शिक्षण आहे. १९७९ मध्ये ब्रूस मूर आणि सुझन स्टटार्ड यांनी तोच प्रकार पुन्हा तपासला. माणूस समोर दिसत असेल तर मांजर दांडीला घासायचं, बक्षीस असो वा नसो. माणूस दिसत नसेल तर घासायचं नाही. म्हणजे मांजर दार उघडत नव्हतं, ते समोर बसलेल्या माणसांना भेटत होतं. माणसापर्यंत जाता येत नव्हतं म्हणून हाताशी असलेली दांडी घासत होतं.

तुमच्या घरात हे रोज घडतं. तुम्ही ओट्यावर बसलेले, मांजर उंबऱ्याशी येऊन तुमच्याकडे बघतं आणि चौकटीला गाल घासतं. ती भेट तुमच्यासाठी असते. अशा वेळी उठून धरायला धावू नका. बसल्या जागी हात खाली सोडा, एक बोट वाकवून नाकाच्या उंचीवर धरा. यायचं असेल तर ते येऊन बोटाला गाल लावतं. मग गालावर, हनुवटीखाली, कानाच्या पुढच्या भागावर हलकं खाजवा आणि थोड्या वेळानं स्वतःहून थांबा. हवं असेल तर ते पुन्हा डोकं पुढे करील. पोटाला आणि शेपटीच्या मुळाला बहुतेक मांजरं हात लावू देत नाहीत. शेपटी आपटायला लागली, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले की पुरे झालं. घरातल्या पोरांना एवढं शिकवलंत तर बरेच ओरखडे वाचतील.

खुणा पुसू नका, निदान एकदम पुसू नका

आमच्याकडे दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घर वरपासून खालपर्यंत निघतं. भांडी अंगणात, भिंतींना रंग, फरशीवर फिनेल. आखाजीला माहेरवाशिणी येतात, त्यांची मुलं येतात, घर माणसांनी भरतं. कापसाच्या दिवसांत चांगल्या दराची वाट बघत मधल्या खोलीत कापूस भरून ठेवला जातो, त्याचा वास वेगळाच. मांजराच्या दृष्टीनं एका दिवसात सगळ्या खुणा नाहीशा झाल्या, आणि वर परके वास आले. मग ते माळ्यावर जाऊन बसतं, जेवत नाही, किंवा दाराशी मुताची पिचकारी मारतं. लोक म्हणतात मांजर माजलं. त्याची ओळखीची जागा गेलेली असते.

सण टाळता येत नाही, पण साफसफाईचा क्रम बदलता येतो. एक खोली शेवटपर्यंत तशीच ठेवा, आणि मांजर त्या खोलीत असू द्या. बाकीच्या खोल्या वाळल्यावरच ही खोली धुवायला घ्या. मांजराची गोधडी त्या आठवड्यात धुऊ नका. तपकिरी डाग अगदीच नको असेल तर पुसा, पण घरातले सगळे कोपरे एका दिवशी नको.

फिनेल मात्र मांजराच्या घरात मुळीच नको, काळं नको नि पांढरंही नको. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते. ओल्या फरशीवरून चालून गेलेलं मांजर पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. तोंडातून लाळ गळणं, तोंडात फोड, झोकांड्या ही लक्षणं दिसली तर पंजे साध्या पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टरकडे न्या. रोजच्या फरशीला साधं पाणी नि थोडा सौम्य साबण पुरतो.

घर बदलताना: बबल्याची गोष्ट

आता या सगळ्याचा उपयोग. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं एक ओळखीचं कुटुंब बदली होऊन जळगावला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलं. त्यांचा बोका बबल्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला. आधीच्या एका बदलीत तो आठवडाभर पलंगाखालून निघाला नव्हता आणि दारावर मूत फवारत होता, म्हणून वहिनींनी या वेळी आधी विचारलं. आम्ही केलं ते असं.

निघायच्या चार दिवस आधीपासून जुन्या सुती साडीचे तळहाताएवढे तुकडे घेतले. ते आधी नुसत्या पाण्यानं धुऊन वाळवले होते, कारण पावडरचा सुगंध राहिला तर उपयोग जातो. बबल्या दुपारी शांत पडलेला असताना वहिनी तुकडा बोटाला गुंडाळून त्याच्या गालावरून फिरवायच्या, ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे, दोन्ही बाजूंनी, मग हनुवटीखाली. त्यानं मान वळवली की थांबायचं. घाबरलेल्या किंवा धरून ठेवलेल्या मांजराचा तुकडा घेऊ नये, कारण त्यात नको तो वासही येतो. हे तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवले.

नव्या घरी पहिल्या दिवशी त्याला मागची एकच खोली दिली, दार बंद. तिथे त्याची न धुतलेली गोधडी, एका कोपऱ्यात वाळूची पाटी, तिच्यापासून लांब पाणी नि जेवण. त्याला पेटीतून सोडायच्या आधी तुकडे घेऊन दिवाणाचे पाय, कपाटाचा कोपरा, दाराची चौकट आणि भरून ठेवलेल्या बॅगांच्या कडा यांवर वीतभर उंचीवर पुसले. घासून काढायचं नाही, दाबून फिरवायचं. पेटीचं दार उघडून माणसं बाहेर गेली.

तो दिवस बबल्या दिवाणाखाली होता. रात्री जेवण संपलं, सकाळी पाटीत मुतलेलं दिसलं, म्हणजे काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ ताज्या तुकड्यानं तेच कोपरे पुन्हा पुसले. तो बाहेर येऊन हुंगायचा आणि परत आत जायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं दिवाणाच्या पायाला स्वतः ओठाचा कोपरा लावला, मग गाल. ज्या कोपऱ्याला मांजर स्वतः गाल लावतं तिथे तुकडा बंद करायचा. खोलीतल्या बहुतेक जागा त्यानं घेतल्यावर हॉलचं दार उघडलं, आणि हॉलमध्येही आधीच तुकडा फिरवून ठेवला.

इथे अडचण आली. गॅलरीच्या दाराशी त्यानं फवारलं. फवारणं कसं ओळखायचं तर मांजर उभं असतं, शेपटी वर नि थरथरती, भिंतीवर पाठीमागे बारीक धार. बसून जमिनीवर मुतणं वेगळं. रात्री दिवा बंद करून पाहिलं तेव्हा कारण कळलं: गल्लीतला एक धिप्पाड बोका गॅलरीच्या जाळीला बाहेरून येऊन घासत होता. तुकड्यानं आतल्या कोपऱ्यांचं काम होतं, बाहेरच्या बोक्याचं होत नाही. म्हणून जाळीच्या खालच्या दोन फुटांना पुठ्ठा लावून दिसणं बंद केलं. फवारलेली जागा कपड्याच्या एन्झाइमवाल्या पावडरीनं धुतली, एक भाग पावडर नि दहा भाग पाणी, मग साध्या पाण्यानं दोनदा. ब्लीच आणि अमोनियाचा क्लीनर नको, अमोनियाचा वास मुताच्या जवळचा आहे. जागा पूर्ण वाळून साबणाचा वास गेल्यावर तिथे गालाचा तुकडा फिरवला. साधारणपणे मांजर जिथे गाल घासतं तिथे फवारत नाही, सगळी मदार यावर आहे. काही दिवस रोज फिरवल्यावर बबल्यानं त्या चौकटीला गाल लावायला सुरुवात केली आणि फवारणं थांबलं.

दोन गोष्टींची मर्यादा सांगून ठेवतो. घरात दुसरं मांजर असेल तर एकाच्या गालाचा तुकडा दुसऱ्याच्या जागेवर फिरवू नका, दोघांचे डबे वेगळे ठेवा. आणि बोका वारंवार पाटीत जाऊन जोर करतोय पण थेंबही येत नाही, तर तो खुणा करत नाहीये. मूत अडकलेलं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं, उद्यावर टाकलं तर जीव जाऊ शकतो.

घासणं, पण कारण दुसरं

पाच-सहा महिन्यांपुढची, नसबंदी न झालेली भाटी अचानक सगळ्यांना नि सगळ्याला घासायला लागली, जमिनीवर लोळते, मागचा भाग उचलून धरते, रात्रभर ओरडते, तर ती माजावर आली आहे. हे काही दिवस ते आठवडाभर चालतं आणि बोका लागला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतं. पोटात दुखतंय समजून काही लोक माणसाची तापाची गोळी देतात. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीनंही मरू शकतं. नसबंदीबद्दल तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

बांधावर खोकली नावाचं तण उगवतं. ते उपटलं की त्याच्या मुळांवर मांजरं गाल घासतात, लोळतात. ती त्या मुळाच्या वासाची ओढ आहे, खुणा करण्याशी संबंध नाही. थोड्या वेळानं आपोआप निवळतं.

एकाच बाजूचं घासणं मात्र तपासा. फक्त डावा कान चौकटीला रगडतंय, डोकं झटकतंय, कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ दिसतोय तर कानात किडे असतील. गाल घासताना तोंडातून लाळ येते, जेवताना मान एका बाजूला जाते तर दात बघायला हवेत. गालावर गोल, केस गेलेला पट्टा दिसला तर नायटा असू शकतो, तो पोरांनाही लागतो, तेव्हा दाखवेपर्यंत अंथरुणात घेऊ नका.

आणि भिंतीला डोकं टेकवून मांजर तसंच उभं राहत असेल तर थांबू नका. घासणाऱ्या मांजराचं अंग सरकत असतं, डोळे अर्धे मिटलेले, शेपटी वर. दाबणाऱ्या मांजराचं कपाळ भिंतीला चिकटलेलं, अंग ताठ, हाक मारली तरी वळत नाही, कधी मध्येच गोल गोल फिरतं. हे मेंदूच्या, यकृताच्या आजाराचं किंवा विषबाधेचं लक्षण असतं. निघण्यापूर्वी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर घाबरून नुसतं आखडून बसतं आणि डॉक्टरांना ते दिसतच नाही. गेल्या दोन दिवसांत घरात काय फवारलं, उंदराचं औषध कुठे ठेवलं होतं, शेतातून कोणता डबा आला, हेही आठवून सांगा.